उतरत्या पत्र्यावर सोलर : दोन ओळींत अंतर किती सोडायचं आणि वर चालायचं कुठून?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ आमचं घर आहे. स्लॅब गळायला लागला म्हणून त्यावर कलर कोटेड पत्रा घातला. आढं पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे एक उतार दक्षिणेला आणि एक उत्तरेला. उतार १५ अंशांचा. आढ्यापासून वळचणीपर्यंत पत्रा ६ मीटर आणि आढ्याला समांतर लांबी ११ मीटर.

साधारण ८ किलोवॅट बसवायचं आहे. एका व्हेंडरने ड्रॉइंग दिलंय त्यात ५४० वॅटची १५ पॅनल आहेत, प्रत्येक २२७८ बाय ११३४ मिलिमीटर. दक्षिणेला ९ पॅनल उभी, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेने, पत्र्याला समांतर, खाली ५ आणि वर ४. दोन ओळींमध्ये 'सावलीसाठी' एक फूट अंतर. नैऋत्य कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी आहे, तिच्या सावलीमुळे दक्षिणेचा पश्चिम भाग सोडून दिलाय. उरलेली ६ पॅनल उत्तरेच्या उतारावर आडवी, तीन-तीनच्या दोन ओळी, मागून पाय देऊन उचललेली, म्हणजे तोंड दक्षिणेला आणि कल १० अंश. तिथेही दोन ओळींत एक फूट.

हे एक फूट पुरेल का? आणि उद्या धुवायला माणूस वर चढला तर पाय कुठे ठेवेल, हे ड्रॉइंगमध्ये मला कुठेच दिसत नाही.

गच्चीवरचा_पुणेकर
एक फूट बरोबर आहे. आमच्या गच्चीवर हाच हिशोब केला होता. पॅनलची मागची कडा पुढच्या कडेपेक्षा जितकी उंच, त्याच्या दीडपट अंतर सोडायचं. तुमचं पॅनल आडवं, म्हणजे रुंदी ११३ सेंटीमीटर. १० अंशांवर मागची कडा २० सेंटीमीटर वर येते. दीडपट म्हणजे ३० सेंटीमीटर, झाला एक फूट. आमच्याकडे तीन हिवाळे गेले, सावलीचा काही त्रास नाही. व्हेंडरने नीट काम केलंय.

सुमती_लांजा
आम्ही मागच्या वर्षी ३ किलोवॅट बसवलं, ७८,००० अनुदान खात्यात आलं. तुम्ही ८ घेतलंत तरी अनुदान तेवढंच मिळेल, ३ च्या वर वाढत नाही. अर्ज आधी करा, मग काम सुरू करा.

वाशिष्ठीकाठ
धन्यवाद सुमतीताई, अर्ज झालाय. आता मांडणीवर अडलंय.

सूर्यकोन
मी याच कामात आहे. पुणेकरांचं सूत्र त्यांच्या गच्चीवर चालतं, कारण गच्ची सपाट असते. तुमच्या व्हेंडरने तेच सूत्र उचलून उतारावर ठेवलं आणि तिथेच चूक झाली. दोन्ही उतार वेगवेगळे बघू.

दक्षिणेला सगळी पॅनल पत्र्याला समांतर आहेत, म्हणजे सगळ्यांची पाठ एकाच प्रतलात. टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पाट्यांची सावली एकमेकींवर पडत नाही, तसंच हे. तिथे सावलीसाठी एक इंचही सोडायची गरज नाही, मधल्या क्लॅम्पला लागतात ते २० मिलिमीटर पुरे. त्या एका फुटाचा रस्ता म्हणूनही उपयोग नाही, कारण फूटभर फटीतून २८ किलोचं पॅनल घेऊन कोणी चालू शकत नाही. म्हणजे ती जागा फुकट गेली.

उत्तरेला उलट आहे. तिथे पॅनल दक्षिणेकडे वळवलंय, पण खालचा पत्रा उत्तरेकडे उतरत चाललाय. पॅनलची मागची कडा पुढच्या कडेपेक्षा २० सेंटीमीटर वर आहे हे खरं, पण तेवढ्याच अंतरात खालचा पत्रा ३० सेंटीमीटर खाली गेलेला असतो. म्हणून पत्र्याच्या हिशोबाने ती कडा ५० सेंटीमीटर वर आहे, २० नव्हे. ही पहिली चूक.

दुसरी चूक अशी की सावली उताराच्या दिशेने, म्हणजे खाली पडते. उतरत्या जमिनीवर सावली लांबते, चढावर आखडते. संध्याकाळी घाट उतरताना आपलीच सावली किती लांब होते ते आठवा. २२ डिसेंबरला सूर्याच्या हिशोबाने सकाळी ९ वाजता तुमच्याकडे सूर्य ३० अंश वर असतो, दक्षिणेपासून ४८ अंश पूर्वेला. १ मीटर काठीच्या सावलीची उत्तर-दक्षिण लांबी सपाट जागी सव्वा मीटरच्या आत, नेमकी १.१५ मीटर. तुमच्या उत्तर उतारावर तीच १.६७ मीटर होते, दक्षिण उतारावर ०.८८.

तुमच्या ५० सेंटीमीटरला १.६७ ने गुणा, ८३ सेंटीमीटर आले. हे आडवं अंतर. पत्र्यावर टेप लावून मोजाल तर ८६. व्हेंडरने सोडलेत ३०.

गच्चीवरचा_पुणेकर
पत्रा खाली उतरतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही, मान्य. पण तुम्ही ९ वाजताचा हिशोब धरलाय. सकाळची वीज तशीही थोडीच असते. दुपारच्या वेळी ३० पुरत असतील ना?

सूर्यकोन
नाही पुरत. डिसेंबरात भर दुपारी तुमच्याकडे सूर्य ४९ अंशांवर असतो. तेव्हाही या उतारावर ५६ सेंटीमीटर लागतात. ३० सोडले तर मागच्या ओळीच्या खालच्या कडेवर १८ सेंटीमीटरचा सावलीचा पट्टा दुपारी बारालाही राहतो. उलटा हिशोब केला तर ३० सेंटीमीटरमध्ये दुपारची सावली साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होते आणि फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत हटत नाही. कोकणात आकाश स्वच्छ असतं ते नेमके हेच महिने.

विजेचा_नाद
आताची पॅनल हाफ कट असतात, म्हणजे सेल अर्धे कापलेले. सावली पडली तर फक्त तेवढाच भाग जातो, बाकीचं चालू राहतं. जुन्या पॅनलसारखं अख्खं बंद पडत नाही. एवढं घाबरायचं कारण नाही.

सूर्यकोन
अख्खं बंद पडत नाही हे बरोबर. पण 'तेवढाच भाग' हे बरोबर नाही. पॅनल आडवं ठेवलं की सेलच्या सहा रांगा लांबीच्या दिशेने जातात, एकेक रांग १८ सेंटीमीटरची. दोन-दोन रांगांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक डायोड. खालची एक रांग पूर्ण झाकली की तिच्या जोडीची रांग उन्हात असूनही उपयोग नाही, तो गट बायपास होतो. दुपारचा १८ सेंटीमीटरचा पट्टा म्हणजे बरोबर एक रांग. सकाळी नऊचा पट्टा ३१ सेंटीमीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन्ही रांगा. थोडक्यात, मागच्या ओळीतल्या तिन्ही पॅनलचा एक तृतीयांश भाग डिसेंबरात सकाळपासून दुपारपर्यंत गेलेला.

हाफ कटचा जो फायदा तुम्ही म्हणताय तो पॅनल उभं असताना दिसतो. तेव्हा खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा अर्धा चालू राहतो.

विजेचा_नाद
आडव्या-उभ्याचा फरक माहीत नव्हता. आमच्याकडे आडवी आहेत. हिवाळ्यात मोबाइलवरच्या आलेखात सकाळी एका स्ट्रिंगची, म्हणजे पॅनलच्या एका माळेची, रेघ खचलेली दिसते आणि साडेदहाच्या सुमारास एकदम वर उडी मारते. मी ढग समजत होतो.

सूर्यकोन
ढगामुळे रेघ कधी कुठे खचेल सांगता येत नाही. रोज त्याच वेळी खचते आणि त्याच वेळी पायरीसारखी वर येते, ती सावली. उद्या साडेदहाच्या आधी वर जाऊन खालची कडा बघा.

मोहोरघर
सावलीबद्दल जाणकार बोललेतच, मी चालायच्या जागेबद्दल लिहिते, कारण तीच आम्ही विसरलो. देवगडजवळ आमची बाग आणि बागेतच घर. दक्षिणेच्या उतारावर आठ रुंद, दोन उंच अशी १६ पॅनल एकाला एक चिकटून बसवली. फोटो सुरेख आला होता.

जानेवारीत कलमं मोहोरली आणि तुडतुड्यांचा चिकटा पडायला लागला. पानांवर पडतो तसाच काचेवर. हात लावला तर बोटं चिकटत होती, त्यावर चिऱ्याच्या खाणीची लाल धूळ बसली, आठ दिवसांत काच पिवळट तपकिरी दिसायला लागली. नुसतं पाणी मारून निघेना, कोमट पाणी आणि मऊ ब्रशच लागला. वळचणीपाशी शिडी लावून खालची ओळ धुता आली. वरच्या ओळीची बाजूची पॅनल कशीबशी. मधली चार मात्र कुठूनच हाताला येईनात.

शेवटी व्हेंडरचा मुलगा पॅनलवर पाय देऊन मधे गेला. मी खालून ओरडले, तो म्हणाला काच टफन्ड आहे, काही होत नाही. काच फुटली नाही हे खरं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर त्यातल्या एका पॅनलची वीज कमी यायला लागली. तपासायला आलेल्या माणसाने थर्मल कॅमेऱ्यात दाखवलं, टाचेच्या जागी सेलला बारीक तडे जाऊन तो भाग तापत होता. आणि ते पॅनल बदलायचं तर आधी त्याच्या बाजूची दोन काढावी लागली.

आता आम्ही मधली एक उभी रांग काढून तिथे रस्ता केलाय. १६ ची १४ झाली. वर्षाची वीज मोजली तर कमी झाल्याचं जाणवत नाही, कारण उरलेली १४ स्वच्छ असतात.

डब्लिनकर
इथे आयर्लंडमध्ये घरांचे उतार खूप तीव्र असतात. पॅनल छताला समांतर आणि अगदी खेटून लावतात, मधे रस्ता कोणी सोडत नाही. गेल्या पाच वर्षांत आम्ही एकदाही धुतलं नाही, पाऊसच धुतो. काही बिघडलं तर सरळ परांची बांधून चढतात. त्यामुळे रस्त्यासाठी पॅनल कमी करणं मला थोडं जास्त वाटतंय.

मोहोरघर
तुमच्याकडे बारा महिने पाऊस, दादा. आमच्याकडे दसऱ्यानंतर जूनपर्यंत जवळजवळ थेंब नाही, आणि त्यातच मोहोर, धूळ, कावळे. वानरं वेगळीच.

डब्लिनकर
वानरांचा विचार केला नव्हता ताई. माघार.

पत्रेवाला_कोल्हापूर
मी शेडची कामं करतो. रस्ता सोडला म्हणजे झालं असं नाही, खाली आधार काय आहे ते बघा. पत्र्याखाली त्याला पेलणाऱ्या पर्लिन आढ्याला समांतर जातात. स्क्रूची ओळ दिसते ना, तिच्याखाली पर्लिन आहे, पाय तिथेच द्यायचा. दोन स्क्रू-ओळींच्या मधे पाय दिला तर पत्रा दबतो, खोलगट होतो, पावसाळ्यात तिथे पाणी थांबतं आणि दोन वर्षांत गंज.

आढ्याजवळचा आडवा रस्ता सोपा, वरच्या पर्लिनवरून चालत जाता येतं. उभा रस्ता म्हणजे वळचणीकडून आढ्याकडे जाणारा, तो पर्लिन ओलांडत जातो. तिथे दोन पर्लिनच्या मधे वजन येतंच. म्हणून तिथे अॅल्युमिनियमची जाळीची पट्टी किंवा शिडी आडवी टाकून पर्लिनवर बोल्ट करा. आणि आढ्यापाशी दोरी अडकवायला एक पक्की कडी. १५ अंश म्हणजे सुक्यात चालता येतं, पण पहिल्या पावसानंतर शेवाळ धरलं की पाय राहत नाही.

सिमेंटचा पत्रा किंवा उजेडासाठीचा फायबरचा तुकडा मधे असेल तर त्यावर पाय अजिबात नको. आमच्या तालुक्यात माणूस खाली गेलाय.

स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नको. खोलगटातून पाणी वाहतं.

सूर्यकोन
पत्रेवाल्यांचं म्हणणं शब्दन्शब्द पाळा. आता वाशिष्ठीकाठांसाठी एक प्रश्न. ती टाकी हलवता येईल का? सगळा गुंता टाकीमुळे झालाय. ती नैऋत्येला आहे म्हणून दक्षिणेचा चांगला उतार अर्धा वाया गेला, म्हणून सहा पॅनल उत्तरेला गेली, म्हणून पाय आले. पाय आले की वाराही आला. पत्र्यापासून पन्नास सेंटीमीटर वर उघडी कडा म्हणजे वाऱ्याला शीडच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत छपरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. समांतर बसवलेल्या पॅनलखाली वारा शिरतो, पण एवढं उचलत नाही.

टाकी उत्तरेला गेली तर दक्षिणेला असं बसेल. पॅनल उभी, दोन ओळी, मधे २० मिलिमीटर. आढ्याकडून वळचणीकडे ४.५८ मीटर लागतात, ६ मधून १.४२ उरले. त्यातले ८७ सेंटीमीटर आढ्याजवळ रस्त्याला, ५५ वळचणीकडे. रुंदीत आधी चार पॅनल, मग ६० सेंटीमीटरचा उभा रस्ता, मग तीन पॅनल. सगळं मिळून ८.६४ मीटर. ११ मधून २.३६ उरतात, दोन्ही टोकांना १.१८. चार पॅनलच्या गटाचा मध्य कुठल्याही रस्त्यापासून २.३ मीटरच्या आत येतो, लांब दांड्याच्या ब्रशने आरामात पोचतो. पॅनल झाली १४, म्हणजे ७.५६ किलोवॅट. व्हेंडरच्या १५ पेक्षा एक कमी, पण उत्तरेचा उतार पूर्ण मोकळा आणि सावली कुठेच नाही.

नागपूरचा_केपी
मला उत्तर उतार पूर्ण सोडून देणं पटत नाही. पाय देऊन उचलणं चूक, हे कबूल. पण पत्र्याला समांतर टाका ना. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, १५ अंश उत्तरेला झुकलं तरी अंधार पडत नाही. मे मध्यापासून जुलै अखेरपर्यंत चिपळूणला दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो, तेव्हा तोच उतार जास्त देईल.

सूर्यकोन
समांतर टाकलं तर सावलीचा प्रश्नच राहत नाही, हे अगदी मान्य. आढ्याची सावलीही पडणार नाही. पण तुम्ही म्हणता त्या अडीच महिन्यांतले निम्म्याहून अधिक दिवस कोकणात ढगांत जातात. आणि डिसेंबरात दुपारी ऊन त्या पत्र्याला ३४ अंशांनी तिरकं लागतं, दक्षिणेच्या उताराला ६४ अंशांनी. नागपूरला तुमचं गणित वेगळं येईल, तिथे मे महिना कोरडा. चिपळूणला मी आधी दक्षिण पूर्ण भरेन, मग गरज पडली तर उत्तर. आणि उत्तरेची स्ट्रिंग इन्व्हर्टरच्या वेगळ्या एमपीपीटीवर, म्हणजे स्वतंत्र इनपुटवर. दोन्ही उतारांची पॅनल एकाच माळेत ओवली तर कमी उन्हातलं पॅनल सगळ्यांना मागे खेचतं.

नागपूरचा_केपी
वेगळ्या एमपीपीटीबद्दल वाद नाही. पण ज्यांचं घरच असं आहे की दक्षिणेला झाड, त्यांनी उत्तरेला समांतर टाकायला कचरू नये, एवढंच माझं म्हणणं. आम्ही टाकलंय आणि मला पश्चात्ताप नाही.

वाशिष्ठीकाठ
उशिरा लिहितोय, मधे टाकीच्या मागे लागलो होतो. प्लंबर म्हणाला, स्टँड उत्तरेच्या भिंतीलगत स्वतंत्र उभा करू, पाइप चार मीटर वाढेल. घरात सगळ्यांनी होकार दिलाय.

सूर्यकोन, तुमचं गणित मला कागदावर पटलं होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. २२ डिसेंबरला ५० सेंटीमीटरची रीप घेऊन उत्तरेच्या पत्र्यावर चढलो, स्क्रूच्या ओळीवरूनच. ओळंबा धरून रीप उभी केली. ९ वाजता मोजलं तर सावली तुमच्या आकड्यापेक्षा बरीच लांब. म्हटलं कुठेतरी चुकलं. मग लक्षात आलं की तुम्ही 'सूर्याच्या हिशोबाने' लिहिलं होतं.

सूर्यकोन
हो, ते मी नीट उलगडून सांगायला हवं होतं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि तुम्ही ७३.५ च्या आसपास. सूर्य तुमच्याकडे ३६ मिनिटं उशिरा येतो. त्या दिवसांत तुमचे सूर्याचे ९ म्हणजे घड्याळातले साधारण ९:३५.

वाशिष्ठीकाठ
तसंच केलं. साडेनऊनंतर पुन्हा मोजलं. सावलीच्या टोकापासून सरळ आढ्याच्या दिशेने टेप धरली, ८५ भरले. तुम्ही ८६ म्हणाला होतात. तीच रीप दक्षिणेला उभी केली तर निम्म्याच्या थोडं वर. पत्रा एकच, घर एकच, आणि एवढा फरक. मुलगा बाजूला खडूने खुणा करत होता, त्या अजून आहेत.

व्हेंडरला फोटो पाठवले. तो आधी थोडा घुश्शात होता, नंतर स्वतः येऊन बघून गेला आणि १४ पॅनलचं नवं ड्रॉइंग दिलं. उभा रस्ता आहे, जाळीची पट्टी आहे, कडी आहे. एकच अडचण राहिली. रस्ता मधे आल्यामुळे एक पॅनल कमी झालं ते त्याला वळचणीकडे आडवं लावून द्यायचंय, म्हणजे १५ पूर्ण होतील. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पत्रेवाला_कोल्हापूर
तिथे ५५ सेंटीमीटर आहेत, पॅनल ११३ चं. बसणारच नाही, अर्धं बाहेर लोंबेल. आणि बसलं असतं तरी नको. काचेवरून पाणी पत्र्यापेक्षा वेगाने येतं. काचेची कडा वळचणीच्या अगदी जवळ आली की जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे पडतं. पन्हळीत पाणी पडायला कडेपासून खाली हात-दीड हात पत्रा मोकळा हवा.

मोहोरघर
आणि शिडी लावायची जागा तीच ना. ती अडवू नका.

नागपूरचा_केपी
ते पंधरावं पॅनल उत्तरेला समांतर टाका की.

सूर्यकोन
एकट्या पॅनलसाठी वेगळी स्ट्रिंग होत नाही केपी, इन्व्हर्टर सुरू व्हायला लागतं तेवढं व्होल्टेजच येणार नाही. त्याला मायक्रोइन्व्हर्टर लावावा लागेल. तो खर्च एका पॅनलसाठी करायचा का, ते त्यांनी ठरवावं.

वाशिष्ठीकाठ
१४ वरच थांबतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकी हलतेय, त्यानंतर काम सुरू होईल. उभा रस्ता चार पॅनलच्या पश्चिमेला येणार आहे, शिडीही तिकडेच लागते. मोहोरघर, तुमच्या रस्त्यावर जाळी कुठली टाकलीत, त्याचा फोटो मिळेल का?

मोहोरघर
उद्या सकाळी काढून टाकते. आत्ता वर वानरं बसलीयत.